बारा लेबलं, तीन भाऊ आणि शेवटचा मेल: एका क्लायंटचं काम सोडतानाचा हिशेब

सांगलीकडची मसाले आणि लोणची बनवणारी एक भागीदारी फर्म. मालक तिघे सख्खे भाऊ. आमचा पुण्यातला डिझाइन स्टुडिओ दोघींचा. ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांच्या बारा लेबलांचं काम आमच्याकडे आलं. दर लेबलामागे ८,००० रुपये, म्हणजे एकूण ९६,०००. चाळीस टक्के आगाऊ, तीस टक्के सहा लेबलं पास झाल्यावर, उरलेले तीस टक्के सगळं काम संपल्यावर. प्रत्येक लेबलाला दुरुस्तीच्या तीन फेऱ्या, बिल मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे, आणि ओपन फाइल, म्हणजे बदल करता येणारी मूळ डिझाइन फाइल, शेवटचा हप्ता मिळाल्यावर. हे सगळं कोटेशनमध्ये होतं आणि थोरल्या भावांनी मेलवर 'मान्य' असं उत्तर दिलं होतं. या एका शब्दाच्या मेलचा पुढे फार उपयोग झाला.

काम बिघडलं ते दुरुस्त्यांवरून. थोरल्यांनी पास केलेलं लेबल मधले बदलायला सांगायचे, आणि धाकटे रात्री व्हॉट्सअॅपवर तिसऱ्याच ब्रँडचा फोटो टाकून 'असं करा' म्हणायचे. आम्ही एकाच माणसाने मंजुरी द्यावी अशी विनंती केली. दोन आठवडे पाळली गेली, मग पुन्हा तेच. नोव्हेंबरच्या ४ तारखेला २८,८०० रुपयांचं दुसऱ्या हप्त्याचं बिल पाठवलं, ते तसंच पडून राहिलं. डिसेंबरअखेर धाकट्यांनी कळवलं, की आधी सगळ्या ओपन फाइल द्या, मग बिलाचं बघू. आमची प्रिया तेव्हा फोनवर होती आणि तिच्याशी ते ज्या भाषेत बोलले, त्यानंतर काम चालू ठेवायचा प्रश्न आमच्यापुरता मिटला.

हे प्रकरण लिहायचं कारण म्हणजे काम सोडायचा मेल लिहिताना बहुतेक जण, आणि खासकरून आमच्या वयाच्या मुली, तो मनातलं बोलायची जागा समजतात. गेल्या पाच महिन्यांत काय काय सोसलं ते त्यात येतं. समोरचा त्यातल्या एका वाक्याला हरकत घेतो, त्या वाक्यावर भांडण सुरू होतं आणि पैसे बाजूला राहतात. आमच्या मते शेवटचा मेल हा हिशेबाचा कागद आहे. त्यात निर्णय असावा, आकडे असावेत, तारखा असाव्यात. वाचणाऱ्याला उत्तर द्यायला एकच गोष्ट उरावी: पैसे कधी देताय.

म्हणून मेल लिहिण्याआधी काम कुठवर आलंय ते लेबलागणिक मांडलं. आठ लेबलं पूर्ण होती. त्यांना मंजुरी मिळाली होती, छपाईची पीडीएफ प्रेसला गेली होती आणि त्यातली तीन तर छापून बाजारात आली होती. दोन लेबलांचं डिझाइन पास होतं, पण पोषणमूल्यांचा तक्ता लॅबकडून आला नव्हता, त्यामुळे मजकूर अर्धवट. दोन लेबलांना हातच लागला नव्हता. आठांचे पूर्ण ६४,०००, दोन अर्धवटांचे निम्म्या दराने ८,०००, न केलेल्यांचे शून्य. एकूण ७२,०००. आगाऊ बिल ३८,४०० रुपयांचं होतं, ते वजा जाता बाकी ३३,६००.

यात एक जागा अशी आहे की तिथे नेहमी गोंधळ होतो. ऑगस्टमध्ये आमच्या खात्यात ३८,४०० नव्हे, ३४,५६० जमा झाले होते, कारण दहा टक्के टीडीएस कापला होता. हिशेब करताना 'मिळाले' या रकान्यात बिलाची पूर्ण रक्कम धरायची, खात्यात आलेली नाही. कापलेले ३,८४० आपल्याच नावाने सरकारात जमा व्हायला हवेत आणि ते आपलेच आहेत. पण ते खरोखर जमा झाले का, हे तेव्हा फॉर्म २६एएसमध्ये, म्हणजे आपल्या नावावर जमा झालेल्या कराच्या उताऱ्यात, बघावं लागायचं. ऑगस्टची कपात जुलै ते सप्टेंबरच्या तिमाहीत येते, तिचं विवरणपत्र ३१ ऑक्टोबरपर्यंत भरायचं होतं आणि फॉर्म १६ए, म्हणजे कपातीचं प्रमाणपत्र, १५ नोव्हेंबरपर्यंत द्यायचं होतं. जानेवारीत आम्ही पाहिलं तर २६एएसमध्ये ती नोंदच नव्हती. म्हणजे या फर्मकडून आमचे दोन प्रकारचे पैसे येणं होते, आणि काम सुटल्यावर दुसऱ्या प्रकाराची आठवण कोणी ठेवत नाही. ते मेलमध्ये आलंच पाहिजे.

तीन फेऱ्यांच्या पलीकडच्या दुरुस्त्यांचे वेगळे पैसे कोटेशनप्रमाणे लावता आले असते. आम्ही लावले नाहीत. त्या वेळेवर कधीच बिलात दाखवल्या नव्हत्या, आणि शेवटच्या मेलमध्ये पहिल्यांदाच दिसणारा आकडा समोरच्याला सूड वाटतो. त्याच्यामुळे बाकीचे खरे आकडेही संशयात येतात.

आता कायद्याची बाजू, कारण मेलचा सूर तिच्यावर ठरतो. आमची उद्यम नोंदणी या कामाच्या आधीपासूनची आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उपक्रमाला पैसे देण्याची मुदत लेखी करारातही ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही महिन्यागणिक चक्रवाढीने. जानेवारी २०२५ मध्ये बँक दर ६.७५ टक्के होता, म्हणजे व्याज २०.२५ टक्के. ऐकायला मोठं वाटतं, पण २८,८०० वर ते महिन्याला पाचशेच्या आतच येतं. त्या व्याजाची धमकी देऊन काही साधत नाही. खरा जोर दुसरीकडे आहे. तेव्हा लागू असलेल्या १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम ४३-बी(एच) प्रमाणे अशा उपक्रमाचं मुदतीबाहेर गेलेलं बिल ३१ मार्चपर्यंतही दिलं नाही, तर तो खर्च त्या वर्षी वजावटीत धरता येत नाही. प्रत्यक्ष पैसे देतील त्या वर्षी धरायचा. ही गोष्ट मालकाला माहीत नसते, त्याच्या अकाउंटंटला पक्की माहीत असते. म्हणून मेलची प्रत अकाउंटंटला जाणं महत्त्वाचं, आणि मेलमध्ये कलमाचा आकडा लिहायचीही गरज नाही. उद्यम क्रमांक बिलावर असला की पुरे.

आणि ओपन फाइल. त्यांचं म्हणणं होतं, 'आम्ही पैसे दिलेत, डिझाइन आमचं.' १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात असं सरसकट नाही. पगारी नोकराने केलेलं काम मालकाचं होतं. पैसे देऊन करून घेतलेला फोटो, चित्र, व्यक्तिचित्र, कोरीवकाम किंवा चित्रपट वेगळा करार नसेल तर करून घेणाऱ्याचा होतो. स्वतंत्र व्यावसायिकाने केलेली लेबलची मांडणी या यादीत सरळ बसत नाही. हक्क द्यायचा तर लेखी आणि सही केलेलं हस्तांतरण लागतं. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. हे भाऊ दुबईला माल पाठवायच्या तयारीत होते. म्हणजे एका पानाचं नीट लिहिलेलं हस्तांतरणपत्र त्यांच्या खरोखर उपयोगाचं होतं. फाइल अडवून ठेवण्यापेक्षा, पैसे मिळताच हे पत्र मिळेल असं सांगणं जास्त परिणाम करतं, आणि ते न्यायाचंही आहे.

२० जानेवारीला, सोमवारी सकाळी मेल गेला. थोरल्यांना, प्रत दोघा भावांना आणि त्यांच्या अकाउंटंटना. सोमवार सकाळ मुद्दाम निवडली. शुक्रवारी संध्याकाळी असा मेल गेला की शनिवार-रविवार फोन सुरू राहतात आणि अकाउंटंट मात्र हाताशी नसतात.

> विषय: लेबल डिझाइन – ३१ जानेवारीला काम समाप्त, अंतिम हिशेब व फाइल
>
> नमस्कार साहेब,
>
> आपल्या लेबलांचं काम आम्ही ३१ जानेवारी २०२५ रोजी थांबवत आहोत. त्यानंतर या मालिकेचं नवीन काम किंवा दुरुस्ती आमच्याकडून होणार नाही. पुढच्या डिझाइनरला सगळं नीट मिळावं म्हणून काम आणि हिशेब कुठे आहेत ते खाली देत आहे.
>
> पूर्ण लेबलं ८, मंजुरीच्या तारखांसह यादी जोडली आहे. डिझाइन मंजूर, मजकूर बाकी अशी लेबलं २ (पोषणमूल्यांचा तक्ता आलेला नाही). सुरू न झालेली लेबलं २, त्यांची आकारणी नाही.
>
> पूर्ण लेबलं ६४,००० रु., अर्धवट लेबलं ८,००० रु., एकूण ७२,००० रु. आगाऊ बिल ३८,४०० रु. वजा जाता बाकी ३३,६०० रु. यात ४ नोव्हेंबरचं २८,८०० रु.चं बिल आणि सोबत जोडलेलं ४,८०० रु.चं अंतिम बिल येतं. नियमाप्रमाणे टीडीएस कापून उरलेली रक्कम ३१ जानेवारीपर्यंत बिलावरील खात्यात जमा करावी. त्या तारखेपर्यंत रक्कम आल्यास उशिराचं व्याज आम्ही मागणार नाही.
>
> ऑगस्टमध्ये कापलेला ३,८४० रु. टीडीएस अजून २६एएसमध्ये दिसत नाही. जुलै–सप्टेंबर तिमाहीचा फॉर्म १६ए पाठवावा.
>
> रक्कम जमा झाल्यावर एका कामाच्या दिवसात दहाही लेबलांच्या ओपन फाइल आणि कॉपीराइट हस्तांतरणाचं सही केलेलं पत्र देऊ. पत्राचा मसुदा जोडला आहे. मुदत कायमची आणि प्रदेश संपूर्ण जग असा आहे. काही बदल हवा असल्यास आत्ताच कळवावा.
>
> लेबलावरील घटक, वजन, परवाना क्रमांक, पोषणमूल्यं हा मजकूर आपण मंजूर केलेल्या शेवटच्या पीडीएफप्रमाणे आहे. पुढच्या छपाईपूर्वी तो आपल्याकडून तपासून घ्यावा.
>
> यापुढचं बोलणं याच मेलवर व्हावं, म्हणजे हिशेबाची नोंद एका जागी राहील.
>
> आपली,

यात काय नाही ते बघण्यासारखं आहे. काम का सोडतोय हे नाही. 'दुर्दैवाने', 'नाइलाजाने' नाही, कारण त्यातून विनवणीला जागा मिळते. धाकट्यांच्या भाषेचा उल्लेख नाही. तो अपमान खरा होता आणि आम्ही तो विसरलेलो नाही. पण पैशाच्या मेलमध्ये तो घातला असता तर उत्तर त्याच्यावरच आलं असतं. 'काम थांबवत आहोत' हे सरळ वर्तमानकाळात आहे. 'थांबवावं असं वाटतं' असं लिहिलं की ती चर्चेची सुरुवात होते.

मजकुराच्या जबाबदारीची ओळ खाद्यपदार्थांच्या लेबलांसाठी फार गरजेची आहे. चौदा आकडी परवाना क्रमांकातला एक आकडा नंतर कोणी बदलला, तरी बोट डिझाइनरकडे जातं. शेवटची मंजूर पीडीएफ आपल्याकडे तारखेसह जपून ठेवायची.

तासाभरात मधल्यांचा फोन आला. 'मॅडम, एवढं काय मनावर घेता? घरचं काम समजून करायचं.' प्रिया म्हणाली, 'साहेब, मनात काही नाही. सगळं मेलमध्ये लिहिलंय, तिथेच उत्तर द्या, म्हणजे तिघांनाही कळेल.' एवढंच. फोन संपल्यावर दोन ओळींचा मेल टाकला, की आपला फोन आला होता, उत्तराची वाट पाहतो. फोनवरचं बोलणं असं लगेच मेलवर उतरवलं नाही, तर पुढे 'फोनवर तुम्ही हो म्हणाला होता' हे ऐकावं लागतं.

दुसऱ्या दिवशी धाकट्यांनी प्रेसवाल्यांकडे फाइल मागितल्या. प्रेसकडे होत्या त्या कर्व्ह केलेल्या पीडीएफ. म्हणजे अक्षरं आकार होऊन बसलेली, मजकूर टाइप करून बदलता येत नाही. छपाई होते, वजन किंवा किंमत सहज बदलता येत नाही. प्रेसला नेहमी अशीच फाइल द्यावी. छपाईत फॉन्ट उडत नाही म्हणून द्यायची असते, पण हिशेब बाकी असताना तिचा हाही उपयोग होतो.

मग गुरुवारी थोरल्यांचा मेल आला. दोन मुद्दे होते. आठातली दोन लेबलं आम्हाला पसंतच नव्हती, आणि सगळं मिळून पंचवीस हजारांत मिटवा.

पहिल्याचं उत्तर सोपं होतं. त्या दोन लेबलांच्या मंजुरीचे व्हॉट्सअॅप संदेश, 'ओके, प्रिंटला द्या', तारखेसह जोडले. त्यातलं एक तर छापून झालेलं. वाद घालायची वेळच आली नाही. कायदाही इथे आपल्या बाजूने आहे: माल किंवा सेवा पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर ती स्वीकारली असं मानतात.

दुसरा मुद्दा अवघड. थोरल्यांना भावांपुढे आपला शब्द राखायचा होता, हे मेलच्या भाषेवरून कळत होतं. तेहतीस हजार सहाशेचे पंचवीस हजार करणं म्हणजे पूर्ण कामाची किंमत पाडणं, आणि एकदा पाडली की आणखी पाडायला वाव आहे असा अर्थ होतो. आम्ही आकड्याऐवजी काम कमी केलं. दोन अर्धवट लेबलं हिशेबातून काढली, त्यांच्या फाइलही देणार नाही असं कळवलं. आठ पूर्ण लेबलांचे ६४,०००, वजा ३८,४००, बाकी २५,६००. दर तोच राहिला. त्यांना आपल्या आकड्याच्या जवळ आल्यासारखं झालं. वरचे सहाशे सोडा असा निरोप आला, तो मान्य केला नाही. सोडले असते तर फाइल दिल्यावर १६ए मागताना पुन्हा तीच ओढाताण झाली असती. त्या दोन अर्धवट लेबलांवर नाव आणि चिन्ह त्यांचं आहे, तेव्हा ती आम्ही दुसऱ्या कुणाला वापरायला देणार नाही, हेही लिहून दिलं.

हिशेबाची दुरुस्ती करताना एक गोष्ट सांभाळली. नोव्हेंबरचं बिल रद्द करून नवीन करा, असं त्यांच्या अकाउंटंटचं म्हणणं होतं. तसं केलं की बिलाची तारीख फेब्रुवारीची होते आणि उशिराची मुदत नव्याने मोजायची वेळ येते. म्हणून जुनं २८,८०० चं बिल तसंच ठेवलं, ४,८०० चं अंतिम बिल मागे घेतलं आणि जुन्या बिलापोटी ३,२०० रुपयांची क्रेडिट नोट दिली. बाकी बरोबर २५,६००. आम्ही जीएसटीच्या मर्यादेखाली असल्याने हे साध्या लेटरहेडवर भागलं. जीएसटी नोंदणी असेल तर क्रेडिट नोट त्या नियमाने काढावी लागते. पैशांसाठी ५ फेब्रुवारी ही तारीख दिली आणि त्यानंतर २५,६०० चा प्रस्ताव लागू राहणार नाही, मूळ हिशेब उभा राहील, असं लिहिलं. पैसे आले नसते तर पुढची पायरी होती राज्याच्या सूक्ष्म व लघु उपक्रम सुविधा परिषदेकडे अर्ज. ती वाट खरी आहे, पण कायद्यातल्या नव्वद दिवसांवर विसंबून राहू नये, प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो. एवढ्या रकमेसाठी मेलवर मिटणं केव्हाही चांगलं.

४ फेब्रुवारीला २३,०४० रुपये जमा झाले. २५,६०० मधून दहा टक्के, म्हणजे २,५६० टीडीएस. आकडा जुळला.

५ तारखेला फाइल दिल्या. देण्याआधी सगळ्या फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहिल्या, कारण आपल्या मशीनवर उघडणाऱ्या कोरलड्रॉच्या सीडीआर फाइलमध्ये जोडलेले फोटो किंवा फॉन्ट सुटलेले असले तरी आपल्याला कळत नाही. एका लोणच्याच्या लेबलात कैरीचा फोटो असा सुटलेला निघाला. प्रत्येक लेबलाचं एक फोल्डर: ओपन फाइल, मंजूर पीडीएफ, फोटो, आणि फॉन्टची यादी. मराठी नावासाठी 'मुक्ता' वापरला होता, तो खुल्या परवान्याचा असल्याने फाइलसोबत देता आला. इंग्रजी नावाचा फॉन्ट आमच्या परवान्यावर विकत घेतलेला होता. तो देता येत नाही, म्हणून ती अक्षरं कर्व्ह केली आणि फॉन्टचं नाव लिहून दिलं. नवीन डिझाइनरने तो स्वतः घ्यायचा. विकतच्या फोटोंच्या परवान्यांबद्दलही तसंच.

हस्तांतरणपत्राच्या सही केलेल्या दोन प्रती कुरिअरने गेल्या, एक सही होऊन परत यायची. सोबतच्या मेलमध्ये लिहिलं, की लिंक ७ मार्चपर्यंत चालू राहील, फाइल उघडत नसल्यास १५ दिवसांत लेखी कळवावं, त्यानंतर हस्तांतरण पूर्ण समजू. अकाउंटंटनी त्याच दिवशी 'फाइल मिळाल्या, उघडल्या' असं उत्तर दिलं. भावांपैकी कुणाचंच उत्तर आलं नाही, आणि त्याची गरजही नव्हती.

मार्चमध्ये धाकट्यांचा व्हॉट्सअॅप आला: पाव किलोच्या लेबलाचं अर्धा किलो करून द्या, पाचच मिनिटांचं काम आहे. आम्ही मेलवर उत्तर दिलं, की त्या लेबलाची ओपन फाइल आपल्याकडे आहे, वजनाची ओळ टाइप करून बदलता येते, आणि आम्ही हे काम ३१ जानेवारीला थांबवलं आहे.

ऑगस्टच्या कपातीची नोंद फेब्रुवारीअखेर २६एएसमध्ये दिसली आणि तिचा १६ए आला. फेब्रुवारीतली कपात मात्र जानेवारी ते मार्चच्या तिमाहीत जाते. तिचं विवरणपत्र ३१ मेपर्यंत आणि १६ए १५ जूनपर्यंत. त्यामुळे पैसे मिळून फाइल गेल्या तरी या क्लायंटचा फोल्डर आम्ही जूनमध्ये २,५६० ची नोंद बघून मगच बंद केला.